साहेब गेले, फाइल राहिली

शिरोली एमआयडीसीतल्या त्या फाउंड्रीच्या गेटवरच्या वॉचमनने रजिस्टर पुढे सरकवलं आणि विचारलं, "कुणाला भेटायचंय?" मी नेहमीसारखं क्वालिटीच्या साहेबांचं नाव लिहिलं. त्याने वाचलं आणि पेनची टोपी लावत म्हणाला, "ते नोकरी सोडून गेलं की ओ. महिना झाला असंल. तुमास्नी म्हाईत न्हाई?"

नव्हतं माहीत. फोन लागत नव्हता तेव्हा मला वाटलं होतं, साहेब ऑडिटमध्ये अडकले असतील. मेलला उत्तर नव्हतं तर वाटलं, डिसेंबर आहे, माणूस कामात आहे. माझा सेल्समधला पंधरा वर्षांचा अनुभव गेटवरच्या माणसाच्या एका वाक्याने उघडा पडला. बाहेर येऊन गाडीत बसलो. मागे हायवेवरून बंगळूरकडचे ट्रक जात होते. चौदा लाखांच्या ऑर्डरपैकी माझ्या हातात आता नेमकं काय उरलंय, याचा विचार करत मी तिथेच पाच-दहा मिनिटं बसून होतो.

मी काय विकतो ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. फाउंड्रीत साचे ज्या वाळूचे करतात तिला ग्रीन सँड म्हणतात. वाळू, बेंटोनाइट माती, कोळशाची पूड आणि थोडं पाणी. पाणी साधारण तीन-चार टक्के. हे पाणी थोडं जास्त झालं की कास्टिंगमध्ये वायूची भोकं पडतात, कमी झालं की साच्याची कड झडून वाळू धातूत जाते. म्हणून मिक्सरमधून निघणाऱ्या प्रत्येक घाण्याची 'कॉम्पॅक्टॅबिलिटी' बघतात: नळीत वाळू चाळून सैल भरायची, काठोकाठ पुसून घ्यायची, वरून तीन ठोके द्यायचे आणि ती किती टक्के खाली बसली ते मोजायचं. आमचं यंत्र हे काम मिक्सरपाशीच आपोआप करतं आणि त्यानुसार पाणी कमी-जास्त करतं. एवढंच. चमत्कार नाही.

गेलेले साहेब या यंत्राच्या प्रेमात होते. सेल्सच्या भाषेत ते आमचे 'चॅम्पियन' होते, म्हणजे समोरच्या कंपनीत राहून आपली बाजू लावून धरणारा माणूस. आपण मराठीत 'आपला माणूस' म्हणतो आणि त्या शब्दातच गोम आहे. आपला माणूस मिळाला की आपण बाकीच्यांकडे बघायचं सोडतो. आठ महिने मी फक्त त्यांच्या केबिनमध्ये चहा प्यायलो. सँड प्लँटवर दोनदा गेलो, तेही त्यांच्या मागून. अकाउंट्समध्ये कोण बसतं ते मला माहीतच नव्हतं.

त्यानंतर मी जी चूक केली ती आमच्या धंद्यात जवळपास सगळेच करतात. त्यांच्या जागी आलेल्या नव्या साहेबांचा नंबर मिळवला आणि मेसेज टाकला: "आधीच्या साहेबांशी सगळं फायनल झालं होतं, फक्त पीओ बाकी आहे, कधी भेटू?" पीओ म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर. निळ्या टिका आल्या. उत्तर पाच आठवडे नाही.

आज तो मेसेज वाचला की अंगावर काटा येतो. त्या माणसाच्या जागी बसून बघा. तो नुकता आलाय. मालकांनी त्याला रिजेक्शन कमी करायला आणलंय. पहिल्याच महिन्यात कुणीतरी अनोळखी माणूस सांगतो की तुमच्या आधीच्याने चौदा लाख खर्चायचं ठरवलंय, तुम्ही सही करा. यंत्र चाललं तर श्रेय गेलेल्याचं, नाही चाललं तर बोलणी याला. अशा कागदावर कोण सही करेल? शिवाय माझ्या मेसेजमध्ये त्याच्या प्रश्नाबद्दल एक शब्द नव्हता. होती ती फक्त माझी घाई.

मालकांना थेट फोन करायचाही मोह झाला. कोल्हापुरात ते अवघड नाही, मालक सकाळी शॉपमध्ये फिरतानाच सापडतात. पण मालकांनी काय केलं असतं? माझा मेसेज नव्या साहेबांना पाठवून खाली लिहिलं असतं, "बघा जरा." मग मी त्यांच्या डोक्यावरून जाणारा माणूस ठरलो असतो, कायमचा. तेवढी अक्कल मात्र शिल्लक होती.

एका रविवारी मी जुन्या साहेबांना गाठलं. ते आता चाकणला आहेत. फोनवर आधी त्यांची नवी नोकरी, मुलीची शाळा, पुण्यातला ट्रॅफिक असं बोलून झालं. मग मी म्हणालो, "साहेब, कागद काही नको आणि कुणाला फोन पण करू नका. तीनच गोष्टी सांगा. मीटिंगमध्ये कोण गप्प बसायचं? फाइल शेवटी कुणाच्या टेबलावर होती? आणि तुम्ही निघताना वातावरण कसं होतं?"

कागद नकोत असं मी मुद्दाम म्हणालो. सोडून गेलेल्या माणसाकडे जुन्या कंपनीचे रिपोर्ट, दुसऱ्यांची कोटेशन मागणं म्हणजे त्याला अडचणीत आणणं, आणि आपलं नाव खराब करून घेणं वेगळंच. आठवण मात्र विचारता येते.

पहिल्याचं उत्तर आलं: सँड प्लँटचे मामा. दुसऱ्याचं: "फाइल सप्टेंबरात अकाउंट्सला गेली ती परत आलीच नाही. मी दोनदा विचारलं, मग दिवाळी आली." तिसऱ्याला ते जरा थांबले. मग म्हणाले, "नोटीस पिरियडवरून थोडं वाजलं आमचं. माझं नाव तिथं घेऊ नका. उपयोग व्हायचा नाही, तोटाच होईल."

हा फोन पंचवीस मिनिटांचा होता आणि त्यात माझी सगळी समजूत उलटी झाली. मी धरून चाललो होतो की साहेब गेले म्हणून ऑर्डर अडली. ऑर्डर सप्टेंबरातच अडली होती आणि साहेब डिसेंबरात गेले. मधले तीन महिने मी ज्याला 'प्रोसेसमध्ये आहे' समजत होतो, ती फाइल एका टेबलावर पडून होती. आपला माणूस गेल्यावर आपण त्याच्या जाण्याला दोष देतो, कारण ते सोपं पडतं. खरं तर आधी तारखा लावून बघायला हव्यात: फाइल शेवटची पुढे कधी सरकली, आणि माणूस कधी गेला.

(ज्याचं नाव घ्यायचं नाही असा माणूस आणि ज्याच्या नावाने दारं उघडतात असा माणूस, दोघंही 'सोडून गेलेले'च असतात. कोण कसा गेला हे कळल्याशिवाय त्याचं नाव तोंडातून काढू नये. माझ्या त्या मेसेजने ते आधीच काढलं होतं.)

मार्च संपला. जुन्या वर्षाच्या बजेटमधली ती रक्कम गेली, कोटेशनची मुदत तर केव्हाच संपली होती. मला तेव्हा वाईट वाटलं, पण आता वाटतं बरंच झालं. जुनं कोटेशन मेल्यामुळे नव्याने बोलायला जागा झाली.

एप्रिलमध्ये नव्या साहेबांना पुन्हा लिहिलं. या वेळी यंत्राचा उल्लेख नाही, ऑर्डरचा नाही, जुन्या साहेबांचाही नाही. लिहिलं ते इतकंच: "गेल्या वर्षी तुमच्या सँड प्लँटवर आम्ही काही रीडिंग घेतली होती. ती तुमच्या कंपनीची आहेत, तुमच्याकडे असायला हवीत. शीट सोबत जोडतो. आधीचा मेसेज घाईत टाकला, त्याबद्दल माफ करा. वाळू आता तशीच आहे की बदलली, हे तुम्हालाच माहीत." त्याच संध्याकाळी फोन आला. "ही शीट मला कुणी दिलीच नव्हती. गुरुवारी या."

गुरुवारी त्यांनी मला केबिनमध्ये बसवलंच नाही, थेट सँड प्लँटवर नेलं. हे लक्षण चांगलं. तिथे मामा उभे होते. वय साठीच्या आसपास, हाताला बेंटोनाइटची करडी पुटं. बेल्टवरून येणाऱ्या वाळूत त्यांनी हात घातला, मूठभर उचलली, दाबली. मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे स्पष्ट उमटलेला एक लाडू राहिला. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून त्यांनी तो मोडला, मोडलेल्या कडेकडे बघितलं आणि मिक्सरवाल्या पोराला ओरडले, "पाणी थोडं तोड रं!"

मी विचारलं, "मामा, ह्याचा आकडा किती असेल?"

"आकडा तुमचा. माझी मूठ." आणि मग, माझ्याकडे न बघता, "मागच्या येळी तुमी लोकांनी यंत्र लावलंसा, चार दिस माझ्या चुका कागदावर मांडल्यासा, आन् गेलासा. कुणी मला इचारलं का, त्या दिवशी वाळू गरम का होती?"

मीटिंगमध्ये मामा गप्प का बसायचे ते तेव्हा कळलं. आमची गेल्या वर्षीची ट्रायल त्यांच्या दृष्टीने त्यांच्यावर लावलेला पहारा होता. मी खाली बसलो, अक्षरशः, तिथल्या पत्र्याच्या डब्यावर, आणि विचारलं, "मग सांगा की, का गरम होती?"

त्यांनी सांगितलं. दुसऱ्या शिफ्टला जड कास्टिंग लागलं की साच्यात वाळूच्या मानाने धातू जास्त पडतो, वाळू तापते, आणि थंड व्हायला वेळ न मिळता तीच फिरून परत येते. मिक्सरला बरोबर वाटलेलं पाणी मोल्डिंग मशीनपर्यंत पोचेस्तोवर उडून जातं. उलट सुट्टीनंतरच्या सकाळी हॉपरमधली वाळू थंड आणि कोरडी, तिला पहिले काही घाणे जास्त पाणी लागतं. हे सगळं मामांच्या मुठीत होतं, फक्त ते एका शिफ्टलाच असायचे.

नवे साहेब ऐकत होते. मग त्यांनी मला सरळ विचारलं, "वाळू पन्नास डिग्रीच्या वर गेली तर तुमचं यंत्र काय करणार?"

मी म्हणालो, "फार काही नाही. पाणी घालेल, ते उडेल. त्याला वाळू थंडच करावी लागेल, ते काम माझ्या यंत्राचं नाही."

ते पहिल्यांदा हसले. आधीच्या कंपनीत त्यांना कुणीतरी याच्या उलट सांगून यंत्र विकलं होतं, हे त्यांनी खूप नंतर सांगितलं.

पुढे मी ट्रायल पुन्हा करा म्हणालो नाही. एक साधा ठोक्याचा सँड रॅमर आणि नळी आठवडाभर त्यांच्याकडे ठेवली आणि विनंती केली की रीडिंग त्यांच्या पोरांनी, त्यांच्या रजिस्टरमध्ये, दर तासाला घ्यावं. मामा पहिल्या शिफ्टला आधी मुठीने अंदाज सांगायचे, मग नळीने मोजायचं. मामांचा अंदाज बहुतेक वेळा एक-दोन टक्क्यांत बरोबर यायचा. साहेबांचं लक्ष्य चाळीस होतं. मामांच्या शिफ्टला आकडे सदतीस ते त्रेचाळीस. बाकीच्या दोन शिफ्टना तेहतीसपासून सत्तेचाळीसपर्यंत. हे रजिस्टर कुणाला पटवायला मला तोंड उघडावं लागलं नाही. आता तो नव्या साहेबांचा शोध होता, आणि मामांविरुद्धचा पुरावा मामांच्याच बाजूचा झाला होता. यंत्राचं काम काय, तर मामा नसतील त्या दोन शिफ्टना मामांसारखं पाणी घालणं. हे वाक्य माझं नाही, साहेबांचं आहे. मालकांपुढे त्यांनी तेच वापरलं.

राहिलं अकाउंट्स. या भागासाठीच खरं तर हा लेख लिहायला बसलो.

मी साहेबांना म्हणालो, मालकांकडे जाण्याआधी अकाउंट्सच्या ताईंना भेटू. ते म्हणाले, "त्या नाहीच म्हणतात सगळ्याला." तरी गेलो. ताईंनी कपाटातून जुनी फाइल काढली. सप्टेंबरपासूनची, आमच्या कोटेशनसकट, नीट पंच करून लावलेली. त्यात जुन्या साहेबांनी केलेला परतफेडीचा हिशेब होता आणि त्यावर पेन्सिलीने मोठं प्रश्नचिन्ह.

हिशेब असा होता. महिन्याला 400 टन माल. वाळूमुळे होणारं रिजेक्शन 2.2 टक्के. यंत्राने त्यातलं 0.8 टक्के कमी होईल असा अंदाज, म्हणजे 3.2 टन. कास्टिंगचा विक्रीदर किलोला 110 रुपये धरून महिन्याला साडेतीन लाखांची बचत. चौदा लाखांचं यंत्र चार महिन्यांत फुकट.

ताई म्हणाल्या, "रिजेक्ट झालेलं कास्टिंग आम्ही फेकतो का हो? परत भट्टीत टाकतो. धातू तर घरातच राहिला. मग एकशेदहा रुपये कसले वाचले?"

मी गप्प. कारण हा हिशेब साहेबांनी केला असला तरी त्याचा साचा माझ्याच प्रेझेंटेशनमधला होता.

त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला. खरं नुकसान होतं ते पुन्हा वितळवायच्या विजेचं, वितळताना जळून जाणाऱ्या थोड्या धातूचं, वाया गेलेल्या वाळू-बेंटोनाइटचं, मोल्डिंगच्या आणि फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ करण्याच्या, मजुरीचं. त्यांच्या पुस्तकांप्रमाणे त्यांच्या मालाला हे किलोला 32 रुपये पडत होतं. 3,200 किलो गुणिले 32, म्हणजे महिन्याला 1,02,400. चौदा लाख वसूल व्हायला जवळजवळ चौदा महिने.

"चौदा महिने लिहिलं असतं तरी मालक हो म्हणाले असते," ताई म्हणाल्या. "चार महिने वाचलं आणि मी फाइल ठेवून दिली. इतकं चांगलं काही नसतं."

आठ महिने मी ज्याला साहेबांचा उत्साह समजत होतो, त्यानेच फाइल बसवली होती. आपला माणूस आपल्यावर प्रेम करतो म्हणून आपले आकडे तपासत नाही, आणि न तपासलेले आकडे घेऊन तो अशा टेबलापाशी जातो जिथे आपण नसतो. त्याला तिथे कुणी खोडून काढत नाही. फक्त फाइल ठेवून देतात. आणि तो आपल्याला सांगतो, "प्रोसेसमध्ये आहे." तो खोटं बोलत नसतो, त्यालाही तसंच वाटत असतं.

मग मी ताईंना विचारलं की गिऱ्हाइकाकडून डेबिट नोट येतात त्यात वाळूमुळे किती. कास्टिंग इथून पास होऊन गेलं, गिऱ्हाइकाने मशीनवर चढवलं आणि आत वाळू निघाली, तर तो मशीनिंगचा खर्चही आपल्या नावे टाकतो. ताईंनी दुसरी फाइल काढली. बारा महिन्यांत 3,60,000. ही रक्कम जुन्या हिशेबात नव्हतीच. त्यातली निम्मी वाचेल असं धरायला ताई तयार झाल्या, म्हणजे महिन्याला आणखी 15,000. एकूण 1,17,400. परतफेड बारा महिने. हा आकडा ताईंनी स्वतःच्या हाताने लिहिला आणि खाली सही केली. मालकांकडे गेलेल्या कागदावर माझ्या कंपनीचा लोगो कुठेच नव्हता.

नवं कोटेशन किमतीत जुन्याएवढंच ठेवलं, पण अटी बदलल्या. 30 टक्के आगाऊ, 60 टक्के माल निघताना, 10 टक्के यंत्र पास झाल्यावर. पास म्हणजे काय यावर आमचं थोडं ताणलं गेलं. साहेबांना हवं होतं की रिजेक्शन कमी झालं तर पास. मी नाही म्हणालो. रिजेक्शन धातूच्या तापमानावर, कोअरवर, ओतणाऱ्याच्या हातावरही असतं, त्यातलं माझ्या यंत्राच्या ताब्यात काही नाही. शेवटी ठरलं: महिनाभरात शंभरातल्या नव्वद घाण्यांची कॉम्पॅक्टॅबिलिटी ठरवलेल्या आकड्याच्या दोन टक्के इकडे-तिकडे यायला हवी, ज्या घाण्यांना वाळू पन्नास डिग्रीच्या वर असेल ते मोजायचे नाहीत, आणि मामांना वाटलं तर यंत्र बंद करून हाताने पाणी घालायचं बटण त्यांच्याच खांबावर. शेवटची अट मामांची. ड्रॉइंगमध्ये ते बटण दाखवल्याशिवाय त्यांनी मान डोलावली नाही.

ऑगस्टमध्ये पीओ आली.

त्याच वर्षी कागलच्या बाजूची अशीच एक फाइल मी बंद केली. तिथेही आपला माणूस गेला होता. पण नव्या माणसाने येताना स्वतःचा पुरवठादार आणला होता, आणि ज्या कास्टिंगला त्रास होता ते काम कंपनीने बाहेर द्यायला सुरुवात केली होती. प्रश्नच घर सोडून गेला तर तिथे माणसं शोधत बसण्यात अर्थ नाही. दोन फोन आणि एका चकरेत ते कळलं. पूर्वी मी ती फाइल वर्षभर 'होईल होईल' म्हणत रिपोर्टमध्ये फिरवली असती.

शिरोलीचं यंत्र नोव्हेंबरात सुरू झालं. महिन्याच्या शेवटी मी घाण्यांची शीट काढली, टक्केवारी मांडली आणि दहा टक्क्यांचं बिल पाठवलं. चेक येईना. पंधरा दिवसांनी ताईंचा फोन आला. त्यांनी सगळ्या घाण्यांची बेरीज पुन्हा केली होती, रजिस्टरशी ताडून. यंत्र पास होतं. बेरीज मात्र दोन घाण्यांनी चुकली होती. माझी.